दिसायला देखणा नकाशा आणि कामाचा नकाशा

वरच्या वस्तीला सार्वजनिक नळ हवा, असा अर्ज आमच्या गटांनी ग्रामसभेसाठी तयार केला. अर्जाला गावाचा नकाशा जोडायचा ठरलं. शाळेतल्या बाईंनी सातवीच्या मुलांकडून नकाशे काढून घेतले आणि त्यातले तीन आमच्या हातात दिले. यातला कोणता जोडायचा, एवढाच आमच्यापुढे प्रश्न होता.

पहिला नकाशा पाहताच सगळ्या म्हणाल्या, हाच! झाडं, म्हशी, देवळावर फडकणारा झेंडा, रंग तर काय सुरेख. पण आमच्यातल्या एकीनं पट्टी मागितली. वस्ती ते हातपंप कागदावर सहा सेंटिमीटर भरलं आणि शाळा ते देऊळ नऊ. आता गावात तर उलटं आहे. वस्तीवरून पंपाकडे जाता जाता पाय दुखतात आणि शाळेतून देवळात हाक ऐकू जाते! मुलाची चूक म्हणावी तर तीही नाही. त्यानं ओळखीच्या जागा मोठ्या काढल्या आणि उरलेल्या कोपऱ्यात वस्ती बसवली. पण हा नकाशा पाहून सभेत कुणीही म्हणालं असतं, ‘पंप तर यांच्या दारातच आहे, नळ कशाला?’ आपल्याच कागदानं आपला अर्ज पाडला असता.

मग आम्ही अंतर मोजलं. आधी 30 मीटरच्या टेपवर एका मुलीला नेहमीच्या चालीनं चालवलं. 50 पावलं झाली, म्हणजे एक पाऊल 60 सेंटिमीटर. तीच मुलगी वस्तीवरून पंपापर्यंत गेली, 500 पावलं. म्हणजे 300 मीटर. शाळा ते देऊळ 150 पावलं, 90 मीटर. एक सेंटिमीटरला 20 मीटर असं प्रमाण धरलं, तर कागदावर पहिलं अंतर 15 सेंटिमीटर यायला हवं आणि दुसरं साडेचार. रस्ता वळणाचा असला तर पट्टी सरळ ठेवू नका. रस्त्याच्या रेघेवर दोरा ठेवा आणि मग तो दोरा मोजा.

दुसऱ्या नकाशात ही दोन्ही अंतरं बरोबर निघाली. पण त्यात पाण्याच्या पाच जागा होत्या आणि पाचही ठिकाणी सारखाच निळा ठिपका. विहीर कोणती, पंप कोणता, टाकी कोणती, काही कळेना. आम्ही विचारलं तर तो मुलगा म्हणाला, ‘मावशी, पाणी निळंच दाखवतात ना?’ बरोबर आहे. सरकारी नकाशातही पाणी निळं, रस्ते-वस्ती लाल, शेती पिवळी असते. पण पाचपैकी दोन ठिकाणी मार्चनंतर पाणी नसतं आणि आमचं सगळं म्हणणं तर तेच आहे. म्हणून खुणा वेगळ्या लागतात. विहिरीला गोल, पंपाला त्रिकोण, टाकीला चौकोन, आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या जागेची खूण नुसत्या रेघेची, आत रंग नाही. या खुणांचा अर्थ कोपऱ्यातल्या सूचीत लिहायचा. सूचीत नाही अशी एकही खूण नकाशात नको.

तिसऱ्या नकाशात सूची होती, प्रमाण होतं. नावं मात्र कागद फिरवून फिरवून लिहिलेली, काही उलटी. एका जागी ‘आमचं घर’! कुणाचं, ते वाचणाऱ्याला काय कळणार? आम्ही तो नकाशा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका सुनेच्या हातात दिला आणि पंप दाखव म्हटलं. तिचं बोट ओढ्यावर जाऊन थांबलं, कारण ‘पंप’ हा शब्द खुणेपासून दूर, ओढ्याच्या रेघेवर आला होता. नाव खुणेच्या उजवीकडे, आडव्या ओळीत लिहावं. ओढ्याचं तेवढं त्याच्या वाहण्याच्या दिशेनं चालतं. गावाबाहेरच्या माणसाला नकाशा देऊन पाहण्यासारखी दुसरी परीक्षा नाही. आपल्याला सगळं आधीच माहीत असतं, म्हणून आपल्याला चुका दिसत नाहीत.

शेवटी तिघांना एकत्र बसवून चौथा नकाशा करून घेतला. मोठ्या, ए३ कागदावर. तो झेरॉक्सवाल्यानं अर्जाच्या ए४ कागदावर बसवला आणि नवीच गंमत झाली. 15 सेंटिमीटरचं अंतर साडेदहाच्या आसपास आलं, पण खाली ‘1 सेंमी = 20 मीटर’ तसंच लिहिलेलं. त्या हिशेबानं 300 मीटरचे जेमतेम 210 झाले! तेव्हा बाईंनी शब्द खोडायला लावले आणि तिथे पाच सेंटिमीटरची रेघ काढून घेतली, एका टोकाला 0 आणि दुसऱ्याला 100 मीटर. नकाशा लहान झाला की रेघही तेवढीच लहान होते, म्हणून हिशेब चुकत नाही. आता झेरॉक्स पुन्हा काढून आणली आहे आणि अर्जाला तीच जोडली आहे. म्हशीवाला पहिला नकाशा आम्ही बचत गटाच्या खोलीत भिंतीवर लावला.