पेपरची शेवटची पाच मिनिटे

इशाऱ्याची घंटा होते आणि वर्गात पाने फडफडू लागतात. बहुतेक मुले पहिल्या पानापासून वाचत सुटतात, ऱ्हस्व-दीर्घ सुधारतात, आणि दुसऱ्या पानावर पोचतात न पोचतात तोच पेपर हातातून जातो. साहित्याच्या पेपरात ही पाच मिनिटे अशी खर्चणे मला तरी उधळपट्टी वाटते. सगळा पेपर वाचायचा नाही. सर्वांत मोठे उत्तर धरावे आणि आधी प्रश्न पुन्हा वाचावा, उत्तर नव्हे.

उदाहरण घेऊ. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. प्रश्न असा समजा : 'सुधाकराचा नाश दारूने केला की त्याच्या स्वभावाने? चर्चा करा.' विद्यार्थी चार पाने कथानक लिहितो. कोर्टातला अपमान, सनद जाणे, तळीरामाचा पहिला प्याला, सिंधूचे दळण, शेवटचा अनर्थ, सारे बरोबर. आणि शेवटी लिहितो, 'अशा रीतीने दारू फार वाईट आहे.' आता बघा, विचारले काय होते? दोहोंपैकी कोणते! त्याचे उत्तर चार पानांत कोठेच नाही.

तेव्हा पहिली दुरुस्ती शेवटच्या वाक्याची. ते एका सरळ रेघेने खोडावे आणि लिहावे : 'दारूने सुधाकराचा नाश पुरा केला, पण त्याला सुरुवात त्याच्या मानी व उतावळ्या स्वभावाने केली.' मग कोर्टाच्या प्रसंगापाशी जाऊन हंसपद करून समासात एवढेच घालावे : 'येथे त्याने प्यालाही हाती घेतलेला नाही, तोल जातो तो अपमानाने.' पुराव्याचे मर्म हेच, की ही घटना दारूच्या आधीची आहे. मजकूर तोच राहिला, पण आता कथानक पुराव्याचे काम करू लागले. याला दोन-अडीच मिनिटे पुरतात.

एक सावधगिरी मात्र हवी. उत्तरात सर्वत्र दारूलाच दोष दिला असेल, तर शेवटी मत फिरवू नये. तसे केले तर उत्तर स्वतःशीच भांडू लागते. लिहिले त्याला धरूनच निष्कर्ष स्पष्ट करावा. परीक्षक तो मान्य करतो, आधार असला म्हणजे झाले.

नंतर पात्रांची नावे. घाईत रामलालच्या जागी तळीराम पडला, तर हितचिंतकच प्याला पुढे करतो! मग गळलेला 'नाही' शोधावा. तो गळला की वाक्य उलटे होते. शुद्धलेखन सर्वांत शेवटी, आणि तेही 'दिन' व 'दीन' यांसारखे, जेथे अर्थच बदलतो. एक मिनिट राखून प्रश्नांचे क्रमांक पाहावेत आणि पुरवणी नीट बांधावी. सुटलेली पुरवणी परीक्षकापर्यंत पोचेलच, याची खात्री कोण देणार?