व्हिसासाठी बँकेला अर्ज लिहिताना

साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक दांपत्य कॅनडातल्या लेकीकडे जायला निघाले आहे, असे समजा. व्हिसाच्या कागदांत त्यांना बँकेचे बॅलन्स सर्टिफिकेट आणि सहा महिन्यांचे स्टेटमेंट जोडायचे आहे. बँक एकच, खाते एकच, मग दोन कागद कशाला?

सर्टिफिकेट एका ठरावीक दिवशी खात्यात किती रक्कम होती एवढेच सांगते. ती रक्कम उसनी आणून आदल्या दिवशी भरली असली, तरी सर्टिफिकेटवर ते दिसत नाही. स्टेटमेंटवर दिसते. दरमहा जमा होणारे पेन्शन, घरखर्च, विम्याचा हप्ता, सगळे तिथे उमटते. म्हणून व्हिसा अधिकारी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतो.

चूक बहुधा तारखांत होते. सर्टिफिकेट १० जुलैचे, त्यावर शिल्लक ६,१२,४०० रुपये. स्टेटमेंट मात्र ३० जूनला संपलेले आणि त्यावरची शेवटची शिल्लक वेगळी. मग आकडे जुळत नाहीत. यासाठी अर्जातच दोन्ही कागदांना एकच अखेरची तारीख मागावी. मजकूर असा चालेल:

प्रति, मा. शाखा व्यवस्थापक

विषय: व्हिसासाठी बॅलन्स सर्टिफिकेट व सहा महिन्यांचे स्टेटमेंट मिळण्याबाबत

महोदय,
आपल्या शाखेत माझे व पत्नीचे संयुक्त बचत खाते (क्र. …) आहे. कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसासाठी १० जुलै २०२५ रोजीच्या शिलकीचे सर्टिफिकेट आणि ११ जानेवारी ते १० जुलै २०२५ या काळाचे स्टेटमेंट इंग्रजीत, शाखेचा शिक्का व अधिकाऱ्याच्या सहीसह द्यावे. सर्टिफिकेटवर दोघांची नावे पासपोर्टप्रमाणे असावीत. मुदत ठेवींचा तपशील स्वतंत्र दाखवावा. शुल्क याच खात्यातून वळते करावे.
आपला विश्वासू,
(सही)

मुदत ठेवीची ओळ विसरू नये. ठेवीची रक्कम बचत खात्याच्या शिलकीत धरलेली नसते. ती मागितली नाही, तर आयुष्यभराची पुंजी कागदावर येतच नाही. बँकेतले नाव आणि पासपोर्टवरचे नाव वेगळे असेल, तर अर्जाआधी केवायसीची कागदपत्रे देऊन ते दुरुस्त करून घ्यावे. लग्नाआधीच्या नावाने उघडलेल्या खात्यांत ही अडचण हमखास येते.

आता या दांपत्याच्या स्टेटमेंटवर २० जूनला चार लाख रुपये एकदम जमा झालेले दिसतात. ते मुदत संपलेल्या ठेवीचे आहेत, पण अधिकाऱ्याला ते कसे कळावे? ठेव बंद झाल्याची बँकेची पावती सोबत जोडली आणि व्हिसाच्या अर्जपत्रात एका वाक्यात खुलासा केला, की शंकेला जागा उरत नाही.

कागद हातात पडले की काउंटर सोडू नका. नाव, खाते क्रमांक आणि शेवटची शिल्लक दोन्हींवर सारखी आहे ना, प्रत्येक पानावर शिक्का आहे ना, हे तिथेच उभे राहून तपासा.