पायाचा रस्सा, हाडांचें पाणी आणि अळणी : कशांत काय उतरतें?

करमाळा तालुक्यांत कोणाचें हाड मोडलें, अगर कोणी दीर्घ तापांतून उठला, म्हणजे घरांतील वडील मंडळी खाटकाकडून बकऱ्याचे चार पाय आणावयास सांगतात. पाय शिजवून त्यांचें पाणी पाजिलें असतां हाड लवकर सांधतें, अशी समजूत आहे. शहरांतून हाच प्रकार अलीकडे 'बोन ब्रॉथ' या नांवानें चढ्या दरानें विकला जातो. दुखणाईताचा आहार निव्वळ समजुतीवर ठरूं नये, म्हणून आपल्या चुलीवर होणाऱ्या तीन पातळ पदार्थांचा जमाखर्च आम्ही येथें मांडीत आहों.

पहिला पदार्थ पायाचा रस्सा. बोन ब्रॉथ म्हणतात तो हाच. दुसरा हाडांचें पाणी, ज्यास खाणावळवाले 'स्टॉक' म्हणतात. नळी, बरगडी व मानेचीं हाडें उकळून तें काढितात व दुसऱ्या कालवणास आधार म्हणून घालितात. तिसरा पदार्थ अळणी. मटण हळद, मीठ, आलें व लसूण लावून शिजविल्यावर, तिखटमसाला पडण्यापूर्वी वेगळें काढलेलें जें पाणी, तेंच आपलें सूप होय.

या तिहींतील भेद मुख्यतः एका द्रव्यावरून पडतो. जनावराचें कातडें, शिरा, कुर्चा व सांधे यांस बळकटी देणारें जें चिवट प्रथिन असतें, त्यास कोलॅजन म्हणतात. पाण्यांत तें मंद आंचेवर पुष्कळ वेळ राहिलें म्हणजे त्याचा पीळ सुटतो व तें पाण्यांत उतरतें. मग त्यास जिलेटीन म्हणतात. ओठांस लागणारा चिकटपणा तो हाच. पायांत मांस जवळजवळ नसतें, पण कातडें, शिरा व सांधे भरपूर. म्हणून तिहींत पायाचा रस्सा सर्वांत दाट होतो. हाडांच्या पाण्यांत सांध्याचीं टोकें असतील तेवढाच दाटपणा येतो. अळणींत कोलॅजन सर्वांत कमी, मात्र मांसांतील क्षार व रुचि तींत उतरलेली असते.

वेळेचा हिशेब यावरूनच लागतो. कोवळ्या बकऱ्याच्या मटणाची अळणी एक ते दीड तासांत तयार होते. हाडांच्या पाण्यास तीन ते चार तास लागतात. पायास चुलीवर चार ते पांच तास, कुकरांत सुमारें एक तास पुरतो. पाय भाजून, खरवडून व स्वच्छ धुऊन घ्यावे. पहिली उकळी येऊन मळी वर आली कीं ती काढून टाकावी, व नंतर पाण्यावर मधूनमधून एखादाच बुडबुडा येईल इतकाच जाळ ठेवावा. खळखळ उकळी दिल्यास चरबी पाण्यांत मिसळून रस्सा गढूळ होतो. बारा किंवा चोवीस तास शिजविण्याचा प्रघात पडूं पाहत आहे. पण सांध्यावरून शिरा आपोआप सुटूं लागल्यावर आणखी शिजविण्यांत फारसा लाभ नाहीं. उलट अति शिजण्यानें जिलेटीनचे तुकडे पडून गोठण्याची शक्ति कमी होते.

गेल्या पौषांत आम्हीं घरीं चार पाय तोलून पाहिले, ते सहाशे ग्रॅम भरले. तीन लिटर पाण्यांत पांच तास शिजवून दीड लिटर रस्सा उरला. वाटीभर रस्सा थंड करून ठेविला, तो सकाळीं सुरीनें कापतां येईल असा गोठला होता. असा गोळा होण्यास शंभर भागांत दोन ते तीन भाग जिलेटीन असावें लागतें. म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या वाटींत चार ते सहा ग्रॅम. ही परीक्षा आपल्याकडे चैत्र-वैशाखांत उघड्यावर करूं नये. रात्रींच्या उष्म्यानें रस्सा गोठणार नाहीं, आणि वर तो नासेल. उन्हाळ्यांत थोडा रस्सा फ्रिजमध्येंच ठेवून पाहावा. बाकीचा रस्साही रात्रभर चुलीजवळ कोमट ठेवणें धोक्याचें आहे, कारण कांहीं जंतूंचीं बीजें उकळीनेंही मरत नाहींत व कोमट रश्श्यांत तीं वाढतात. वास न बदलतांही तो बाधूं शकतो. यास्तव दोन तासांचे आंत थंड करून फ्रिजमध्यें ठेवावा, किंवा त्याच वेळीं संपवावा.

आतां मुख्य प्रश्न हा कीं, वाटींतील त्या पांचएक ग्रॅमांची किंमत काय? प्रथिन म्हणून मोजलें तर तें एका अंड्याच्या जवळपास भरतें. परंतु दोहोंची योग्यता सारखी नाहीं. शरीरास बाहेरूनच मिळवावीं लागणारीं कांहीं अमिनो आम्लें असतात. त्यांपैकीं ट्रिप्टोफेन हें जिलेटिनांत मुळींच नसतें. ही गोष्ट नवी नाहीं. पॅरिस येथें गरिबांस व रुग्णालयांत हाडांच्या जिलेटीनचें सूप वाटण्याची चाल पडली होती. तिच्या चौकशीसाठीं नेमलेल्या समितीचा अहवाल माजांदी या शास्त्रज्ञांनीं १८४१ सालीं मांडला. निव्वळ जिलेटिनावर ठेविलेलीं कुत्रीं जगत नाहींत, असें त्या प्रयोगांत दिसून आलें.

चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गोष्ट याहून निराशेची. हाडांत चुना पुष्कळ असतो हें खरें, पण साध्या पाण्यांत तो फारच थोडा विरघळतो. शिजल्यावरही हाड टणक राहतें, हीच त्याची खूण. १९३४ सालीं लंडन येथें मॅक्कान्स, शेल्डन व विडोसन यांनीं हाडांचें व भाज्यांचें पाणी तपासलें, तेव्हां त्यांतील कॅल्शियम दुधाच्या मानानें अगदींच कमी आढळलें. दोनशे मिलिलिटर दुधांत सुमारें दोनशें चाळीस मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. पायाच्या रश्श्याची वाटी त्याच्या जवळपासही येत नाहीं. तसेंच, खाल्लेलें कोलॅजन जसेंच्या तसें मोडक्या हाडाशीं जाऊन बसत नाहीं. पोटांत त्याचें पचन होऊन तुकडे पडतात आणि शरीर आपल्या गरजेप्रमाणें नवें कोलॅजन घडवितें. त्या घडणीस 'क' जीवनसत्त्व लागतें. म्हणून रस्सा उतरवून निवत आल्यावर लिंबू पिळणें हें चवीपुरतेंच नव्हे, शास्त्रासही धरून आहे.

मग पाया टाकाऊ काय? तसें नाहीं. ज्वारींत लायसीन या अमिनो आम्लाची उणीव असते. जिलेटिनांत तें आहे, आणि जिलेटिनांत नसलेलें ट्रिप्टोफेन ज्वारींत थोडें आहे. म्हणून भाकरी कुस्करून पाया खाण्याची आपली रीत नुसतें पाणी पिण्याहून सरस होय. शिवाय अन्नावरील वासना उडालेल्या माणसास ऊन रस्सा घोटघोट जातो व त्याच्या पोटांत पाणी व मीठ पडतें. (मूत्रपिंडाच्या वा रक्तदाबाच्या रोग्यास मात्र मीठ वैद्यास विचारूनच द्यावें.)

अळणीच्या बाबतींत एक चूक नेहमीं घडते. पाणी रोग्यास देतात आणि मटणाच्या फोडी बाकीचीं माणसें खातात. पाण्यांत रुचि व क्षार उतरतात, पण मांसाचें बहुतेक प्रथिन फोडींतच राहतें. शंभर ग्रॅम शिजल्या मटणांत तें सुमारें पंचवीस ग्रॅम असतें. तेव्हां फोडी मऊ शिजवून व बारीक कुस्करून अळणीसहित रोग्यासच द्याव्या.

सारांश, हाड मोडलेल्या माणसास पायाची वाटी खुशाल द्यावी, परंतु तिला दूध, अंडें, डाळ अगर मटण यांच्या जागीं न मांडतां त्यांच्या जोडीस मांडावी. चार पायांच्या खर्चांत दूध बसत असेल आणि दोहोंपैकीं एकच परवडत असेल, तर दूध घ्यावें.