बेड नंबर सातचे आजोबा

बी.एस्सी. नर्सिंगच्या निरोप समारंभात रुग्णांचे आभार मानतात, पण नाव घेत नाहीत. गोपनीयता चार वर्षांत अंगवळणी पडलेली असते. म्हणून त्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुलगी बोलायला उभी राहिली, तेव्हा ती फक्त ‘बेड नंबर सातचे आजोबा’ म्हणाली.

आजोबांना अर्धांगवायू झालेला. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, हे तिचं काम. एका सकाळी माकडहाडावर लालसर डाग दिसला. तिला वाटलं, चोळून द्यावं. मॅडमनी हात धरला. “चोळू नकोस. आधी बोटानं दाब.” दाबल्यावर डाग पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर रक्त फिरतंय. हा डाग पांढरा पडलाच नाही. म्हणजे कातडी शाबूत दिसत असली तरी आतल्या पेशींना इजा होऊ लागली होती. चोळल्यानं ती वाढली असती. सावळ्या त्वचेवर तर लाली नीट दिसतही नाही. तिथं आजूबाजूच्या भागापेक्षा ऊब किंवा कडकपणा जाणवतो का, हे हातानंच तपासावं लागतं.

मग पाठीमागे उशी लावून आजोबांना थोडं कलतं ठेवलं, टाचा गादीपासून उचलल्या आणि प्रत्येक कूस वेळेसह नोंदवली. काही दिवसांनी डाग ओसरला.

“आजोबा, तुमच्या पाठीवर मी शिकले,” ती म्हणाली. पहिल्या रांगेतल्या मॅडम चष्मा पुसत होत्या.