अ‍ॅप काढले, यूपीआय आयडी मात्र तसाच

नव्या बँकेत खाते उघडले की जुने पेमेंट अ‍ॅप फोनवरून काढून टाकायचे आणि काम संपले म्हणायचे, असे बरेच जण करतात. पण त्याने फक्त फोनमधली जागा मोकळी होते. आपला यूपीआय आयडी अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीच्या आणि तिच्या भागीदार बँकेच्या नोंदीत असतो. तो जुन्या खात्याला जोडलेलाच राहतो आणि त्यावर पैसे येतच राहतात.

आयडीत @ नंतर जे येते त्याला हँडल म्हणतात. ते आपल्या खात्याच्या बँकेचेच असेल असे नाही. फोनपेवर @ybl दिसते ते येस बँकेचे, गुगल पेवर @oksbi दिसते ते स्टेट बँकेचे. खाते तिसऱ्याच बँकेत असू शकते. म्हणून हँडल पाहून पैसे कुठे जातात ते कळत नाही. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये त्या आयडीसमोर कोणते खाते लिहिले आहे, ते पाहावे लागते.

समजा, साताऱ्यात जेवणाचे डबे देणाऱ्या एक काकू आहेत. त्यांनी दुसऱ्या बँकेत खाते उघडले आहे आणि यापुढे नवे अ‍ॅप वापरायचे ठरवले आहे. जुन्या आयडीचा क्यूआर कोड त्यांच्या दारावर आणि गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये आहे. त्या कोडमध्ये खाते क्रमांक नसून आयडी असतो. आयडी बंद केला की कोडही निकामी होतो. तेव्हा बंद करण्याआधी नव्याची तयारी हवी.

पहिले काम म्हणजे नवे खाते जोडणे. त्यासाठी त्या खात्याला नोंदवलेला मोबाइल क्रमांकच फोनमध्ये हवा. यूपीआय पिनही नवा ठरवावा लागतो, कारण पिन अ‍ॅपचा नसतो, खात्याचा असतो. मग काकूंनी नवा क्यूआर लावावा. गिऱ्हाईक मोबाइल क्रमांकावर पैसे पाठवत असेल, तर तेही नव्या खात्यातच यायला हवेत. त्यासाठी नव्या अ‍ॅपमध्ये पैसे स्वीकारण्याचे मुख्य खाते म्हणून ते निवडावे. मग शेजारच्या फोनवरून एकदा क्यूआरवर आणि एकदा क्रमांकावर एकेक रुपया मागवावा आणि तो नव्या बँकेच्या पासबुकात उतरला का ते पाहावे. अ‍ॅपवर हिरवी खूण दिसली एवढ्याने भागत नाही, कारण ती पैसे जुन्या खात्यात गेले तरीही दिसते.

दुसरे काम जुन्या अ‍ॅपमध्ये. तिथे यूपीआय लाइट चालू असेल, तर त्यातली रक्कम खात्यातून आधीच बाहेर काढून ठेवलेली असते. लाइट बंद केले की शिल्लक खात्यात परत येते. अ‍ॅप तसेच उडवले, तर तीच रक्कम मिळवायला बँकेच्या मागे लागावे लागते. मग ऑटोपेची यादी उघडावी. काकूंचा म्युच्युअल फंडाचा हप्ता आणि मुलाच्या मोबाइलचे पोस्टपेड बिल जुन्या खात्यातून जाते असे धरू. या परवानग्या नवे खाते जोडल्याने आपोआप सरकत नाहीत. नव्या खात्यावरून नवी परवानगी द्यावी, ती चालू झाल्याची खात्री करावी आणि मगच जुनी रद्द करावी. क्रम उलटा झाला तर मधला एखादा हप्ता चुकतो.

आता व्यवहारांची यादी पाहावी. एखादा व्यवहार ‘पेंडिंग’ असेल किंवा दुकानदाराकडून परतावा यायचा असेल, तर थांबावे. परतावा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो. म्हणून तोवर जुने बँक खातेही बंद करू नये. गरजेचे व्यवहार डाउनलोड करून ठेवावेत.

एवढे झाल्यावर जुने खाते अ‍ॅपमधून काढावे आणि मग सेटिंग्जमध्ये डीरजिस्टर किंवा अकाउंट बंद करण्याचा पर्याय असेल तो वापरावा. पर्यायाचे नाव अ‍ॅपगणिक वेगळे असते. तो सापडत नसेल तर अ‍ॅपच्या मदत विभागातून तशी विनंती नोंदवावी. आयडी खरोखर गेला का, हे दुसऱ्या फोनवर तपासता येते. पैसे पाठवायच्या पानावर जुना आयडी टाइप करावा. काकूंचे नाव उमटले, तर तो अजून चालू आहे. नाव न येता आयडी चुकीचा असल्याचे दिसले, तरच अ‍ॅप फोनवरून काढावे.

वापर नसला की आयडी आपोआप बंद होईल, या भरवशावरही राहू नये. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम काढला, की वर्षभर एकही व्यवहार नसलेल्या आयडीवर पैसे येणे थांबवावे. पण त्यात जमा झालेली रक्कमही व्यवहारच धरली जाते. एखादे गिऱ्हाईक जुन्या क्यूआरवर पैसे टाकत राहिले, तर तो आयडी निष्क्रिय ठरत नाही. आणि खाते बंद केले असेल, तर त्या गिऱ्हाइकाचे पैसे अडकून परत फिरतील आणि डब्याचे बिल बाकीच राहील.