जाड कागदावरही शाई का फुटते?

हातकागदाची वही घेणारा गिऱ्हाईक आधी पान बोटांत धरून चोळतो आणि मग दुकानदाराला विचारतो, "किती जीएसएम?" एकशेवीस असे उत्तर आले की त्याचे समाधान होते. शाळेच्या वहीचा कागद साधारण ५५ ते ६० जीएसएमचा, म्हणजे हा त्याच्या दुप्पट. घरी आल्यावर तो शाईचे पेन उघडून पहिल्या पानावर नाव लिहितो आणि बघता बघता प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक बारीक तंतू फुटू लागतात. पान उलटावे तर नाव पाठीवरही उमटलेले असते.

यात दुकानदार खोटे बोललेला नसतो. प्रश्नच अर्धा विचारलेला असतो.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. ते घरीही काढता येते. एफोर आकाराचा कागद एका चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून असे सोळा कागद स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले की जितके ग्रॅम भरतील तितका त्यांचा जीएसएम. एफाइव्ह आकाराच्या वहीची बत्तीस पाने घ्यावी लागतील. १२० जीएसएमच्या ४८ पानांचे वजन पुठ्ठा सोडून १८० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे शाळेतल्या शंभर पानी वहीइतकेच. हातकागदात हा आकडा नेहमी सरासरीचा असतो. प्रत्येक ताव माणसाच्या हाताने उचललेला, त्यामुळे एक कोपरा भरीव तर दुसरा विरळ असू शकतो. पान उजेडासमोर धरले की ढगांसारखे गडद-फिके डाग दिसतात, ते याचेच.

पण वजनाचा आणि शाई फुटण्याचा संबंध वाटतो तितका घट्ट नाही. टिपकागद आठवून पाहावा. तो वहीच्या पानापेक्षा कितीतरी जाड असतो आणि तरीही शाई पिण्यासाठीच बनवलेला असतो. शाईला अडवते ती कागदावरची किंवा कागदातली खळ.

आज बहुतेक हातकागद होजिअरीच्या सुती कात्रणांपासून होतो. कात्रणे पाण्यात कित्येक तास कुटून त्यांचा लगदा करतात. जाळीच्या साच्यावर लगद्याचा थर घेतात, तो कापडावर उलटवतात, दाबाखाली पाणी पिळून काढतात आणि ताव वाळत घालतात. एवढ्यावर थांबले तर हाती येतो तो सुती तंतूंचा पातळ गालिचा. दोन तंतूंमधल्या फटी बारीक नळ्यांसारख्या वागतात आणि पातळ शाई त्यांतून वातीत तेल चढावे तशी सरकत जाते. आडवी सरकली की अक्षर फुटते, खोल गेली की पाठीवर उमटते. हे थांबवायला लगद्यात राळ आणि तुरटी घालण्याची पद्धत होती. तुरटीमुळे कागदात आम्ल राहते आणि काही दशकांत तो पिवळा, ठिसूळ होतो. म्हणून आता चांगले कारखाने आम्ल न ठेवणारी द्रव्ये वापरतात.

जुन्नर आणि दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यातल्या कागदींना हे चांगले ठाऊक होते. वाळलेल्या तावाला ते पिठाची पातळ खळ लावत, पुन्हा वाळवत आणि मग फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने घोटत. घोटल्याने तंतू दबतात, फटी मिटतात आणि वर चकाकी येते. अशा घोटीव कागदावर बोरू अडखळत नसे. मोडीसारखी सलग, धावती लिपी लिहिणाऱ्या कारकुनाला याचे मोल किती असेल, हे आज खडबडीत पानावर पेन ओढून पाहिले की समजते. गिरणीच्या कागदापुढे हा व्यवसाय मोडीत निघाला. पुढे गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या आग्रहातून के. बी. जोशी यांनी १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी केली आणि शिवाजीनगरातली ती जागा आजही या कागदासाठी ओळखली जाते.

खळ आहे की नाही, हे दुकानातच कळू शकते. परवानगी घेऊन शेवटच्या पानाच्या कोपऱ्यावर ओले बोट टेकवावे. ओल लगेच शोषली जाऊन तिथे गडद डाग पडला, तर कागद शाई पिणार. थेंब काही क्षण वर तरळत राहिला, तर खळ चांगली आहे. पानाच्या दोन्ही बाजू तपासाव्यात, कारण जाळीकडची आणि कापडाकडची बाजू सारखी नसते. एक हमखास जास्त खडबडीत असते. पावसाळ्यात हीच परीक्षा अधिक कडक होते. दमट हवेत कागद स्वतःच ओल धरतो आणि एरवी नीट वागणाऱ्या पानावरही शाई थोडी पसरते.

बांधणीकडे गिऱ्हाईक फारसे बघत नाही, पण वही किती वर्षे टिकणार हे तिथेच ठरते. या कागदाला नुसत्या गोंदावर चिकटवलेली बांधणी मानवत नाही. पाने जाड आणि ताठ असतात. वही सपाट उघडायला जोर लावला की कण्यावरचा गोंद तडकतो आणि पाने सुटू लागतात. त्याऐवजी जुजबांधणी हवी. तीन किंवा चार ताव एकात एक घालून दुमडले की एक जुज होते, आणि अशी जुजे मेण लावलेल्या दोऱ्याने एकमेकांना शिवतात. ४८ पानांच्या वहीत चार-चार तावांची सहा जुजे बसतात. कोणी वेळ वाचवायला आठ ताव एकदम दुमडले तर घडी फुगते आणि आतली पाने बाहेरच्या पानांच्या पुढे डोकावतात. गिरणीच्या कागदात मग कडा कापून सारख्या करतात. इथे कापले तर हातकागदाची ती सुंदर, विरलेली कडच जाते. चांगली वही ओळखायची तर मधोमध उघडून टेबलावर सोडावी आणि घडीत दोरा दिसतो का ते पाहावे.

आता पेन. साध्या बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असल्यामुळे ती फुटत नाही, मात्र खडबडीत पानावर रेघ मधूनमधून तुटते. जेलपेन सात दशांश मिलिमीटरचे असेल तर बहुतेक वह्यांवर छान चालते. शाईच्या पेनाला मध्यम, गोलसर टोकाचे निब हवे. अगदी बारीक निब सुती तंतू उकरते, ते निबेच्या चिरेत अडकतात आणि रेघ अचानक जाड होते. असे झाले तर पेनाला दोष न देता चीर स्वच्छ करावी. परमनंट मार्कर मात्र कोणत्याच वहीत वापरू नये. त्याचे द्रावण खळीला जुमानत नाही आणि दोन-दोन पाने ओलांडून जाते. शिसपेन्सिलीला, विशेषतः टूबीला, हाच खडबडीतपणा उलट पथ्यावर पडतो.

घरात आधीच शाई पिणारी वही येऊन पडली असेल तर पाठपोट लिहिण्याचा हट्ट सोडावा आणि उजवीकडचेच पान वापरावे. ताव सुटे असतील तर कागदींचा उपाय अजूनही चालतो. तांदळाच्या पिठाची पाण्यासारखी पातळ खळ शिजवून गाळावी, रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना एकेक हात द्यावा, दोरीवर वाळवावे आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घोटावे. खळ दाट झाली तर वाळल्यावर ताव वळतो आणि घडीवर तडे जातात, म्हणून आधी एका तुकड्यावर करून, त्यावर आपल्याच पेनाने दोन ओळी लिहून पाहाव्यात. पीठ लावलेला कागद कसरीला आवडतो, तेव्हा तो कोरड्या जागी ठेवावा आणि पावसाळा संपला की एकदा ऊन दाखवावे.