परीक्षेची फी कंपनीने का भरावी?

‘मॅडम, मला क्लाऊडची सर्टिफिकेशन परीक्षा द्यायची आहे. त्यामुळे माझ्या ज्ञानात भर पडेल आणि कंपनीलाही फायदा होईल. तरी फी कंपनीने भरावी, ही विनंती.’

असे मेल आयटी कंपन्यांत रोज लिहिले जातात आणि बहुतेकांना ‘बघूया’ एवढेच उत्तर मिळते. मॅनेजर कंजूष असतो असे नाही. पुष्कळ ठिकाणी हा खर्च मंजूर करण्याचा अधिकारच त्याच्याकडे नसतो. त्याला तो मेल वरच्या साहेबांकडे, एचआरकडे किंवा फायनान्सकडे पाठवावा लागतो. तिथे बसलेल्या माणसाने अर्जदाराला कधी पाहिलेलेही नसते. ‘कंपनीलाही फायदा होईल’ हे वाक्य वाचून तो एकच विचारणार: कोणता, किती आणि कधी? उत्तर मेलमध्ये नसेल तर मॅनेजरला ते स्वतः शोधून लिहावे लागते, आणि कामाच्या गर्दीत ते राहूनच जाते.

एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, हिंजवडीतल्या दोनशे माणसांच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत एक इंजिनीअर चार वर्षे काम करते आहे. कंपनीचे सर्व्हर ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजे एडब्ल्यूएसवर चालतात. तिला ‘सोल्युशन्स आर्किटेक्ट – असोसिएट’ ही परीक्षा द्यायची आहे. तिचा कोड `SAA-C03`. प्रश्न 65, वेळ 130 मिनिटे, आणि उत्तीर्ण व्हायला 1000 पैकी 720 गुण. प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. फी 150 डॉलर.

पहिले काम म्हणजे खरा खर्च मांडणे, आणि तो फीपेक्षा जास्त असतो. डॉलर 90 रुपये धरला तर फी 13,500 रुपये होते. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 2,430 धरले की 15,930 झाले. सराव परीक्षांसाठी दोनेक हजार धरले तर 18,000 च्या आसपास. मात्र मॅनेजरच्या डोक्यात पहिल्यांदा येतो तो वेळ: अभ्यासाला ऑफिसचे किती तास जाणार? तिने एकूण 80 तासांचा अभ्यास ठरवला आहे. त्यातले 60 तास ती घरी करणार आणि 20 तास ऑफिसच्या वेळेत मागणार. तिच्या एका तासाचा खर्च कंपनीला 500 रुपये पडत असेल तर हे आणखी 10,000 रुपये. एकूण 28,000. फक्त फी लिहून वेळेबद्दल गप्प बसणारा मेल फायनान्सला अर्धवट वाटतो. पूर्ण आकडा स्वतःहून दिला की पुढची निम्मी प्रश्नोत्तरे वाचतात.

आता फायदा. इथे बहुतेक अर्ज घसरतात, कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. अभ्यासातून येणाऱ्या कौशल्याचा फायदा वेगळा आणि हातात येणाऱ्या प्रमाणपत्राचा वेगळा. पहिला कंपनीच्या बिलात दिसतो, दुसरा कंपनीच्या धंद्यात.

कौशल्याचा फायदा दाखवायचा तर परीक्षेचा अभ्यासक्रम उघडून कंपनीच्या कामाशेजारी ठेवावा. या परीक्षेत सुरक्षित रचनेला 30 टक्के वजन आहे, बिघाडातही तग धरणाऱ्या रचनेला 26, वेगाला 24 आणि खर्चाच्या काटकसरीला 20. इंजिनीअरने शेवटचा भाग निवडला, कारण तिच्या कंपनीचे एडब्ल्यूएसचे बिल महिन्याला चार लाखांच्या घरात आहे आणि त्यावर मॅनेजरला दर तिमाहीला उत्तर द्यावे लागते. मॅनेजरची ही डोकेदुखी आधीपासूनची आहे, ती मेलने निर्माण केलेली नाही. म्हणूनच मुद्दा लागू पडतो.

तिने बिल उघडून दोन ओळी शोधल्या. पहिली ओळ टेस्टिंगच्या सर्व्हरची, महिन्याला 60,000 रुपये. हे सर्व्हर चोवीस तास चालू असतात. आठवड्यात तास 168, पण टीम काम करते सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते रात्री आठ, म्हणजे 60 तास. उरलेले 108 तास सर्व्हर बंद ठेवले तर त्यांच्या भाड्यातले 64 टक्के वाचतात, कागदावर साडेअडतीस हजार. पण काही रात्री चाचण्या चालतात, कधी परदेशातल्या ग्राहकाला डेमो द्यायचा असतो, आणि सर्व्हर बंद असला तरी त्याला जोडलेल्या स्टोरेजचे भाडे चालूच राहते. म्हणून तिने निम्माच आकडा धरला: महिन्याला 19,000.

दुसरी ओळ स्टोरेजची. जुन्या gp2 प्रकारच्या डिस्कपेक्षा gp3 प्रकारात दर जीबीमागे 20 टक्क्यांपर्यंत स्वस्ताई आहे. पण इथे एक फट आहे. gp2 डिस्कचा वेग तिच्या आकाराबरोबर वाढत जातो, तर gp3 ला ठरावीक मूळ वेग मिळतो. एक हजार जीबीहून मोठ्या डिस्क डोळे झाकून बदलल्या तर डेटाबेस मंदावू शकतो, किंवा जादा वेगाचे पैसे मोजावे लागून बचत आटते. स्टोरेजचे बिल 25,000 आहे म्हणून ‘पाच हजार वाचतील’ असे तिने लिहिले नाही. ‘फक्त लहान डिस्क बदलल्या तर सुमारे 3,000’ असे लिहिले. फायनान्सला मोठ्या आकड्यापेक्षा असा कापून घेतलेला आकडा पटतो, कारण तो कसा आला ते दिसते.

यावर एक टोकदार प्रश्न येतोच. सर्व्हर रात्री बंद करायला परीक्षा कशाला हवी? ते उद्यापासूनही करता येईल!

प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळणारा मेल तिथेच कोसळतो. प्रामाणिक उत्तर असे की या दोन गोष्टींना प्रमाणपत्र लागत नाही. म्हणून त्या बक्षीस म्हणून पुढे ठेवायच्या नाहीत, कामाला आधी हात घालायचा. इंजिनीअरने मेलमध्ये लिहिले की सर्व्हरच्या वेळापत्रकाचे काम ती याच महिन्यात सुरू करते आहे. अभ्यासाचा उपयोग पुढच्या, अवघड भागात होईल: कोणत्या सर्व्हरसाठी वर्षभराचा करार करून सवलत घ्यावी, जुना डेटा स्वस्त साठ्यात केव्हा हलवावा, एक डेटा सेंटर बंद पडले तर सेवा चालू कशी ठेवावी. महिन्याचे 22,000 वाचवण्याची तयारी आधीच दाखवणाऱ्या माणसाला 28,000 द्यायला फायनान्स फारसा अडत नाही.

प्रमाणपत्राचा फायदा मात्र केवळ प्रमाणपत्रानेच मिळतो. एडब्ल्यूएसच्या भागीदार कंपन्यांना सिलेक्ट, ॲडव्हान्स्ड आणि प्रीमियर अशा पायऱ्या आहेत, आणि पायरी चढण्यासाठीच्या अटींत प्रमाणित कर्मचाऱ्यांची संख्या मोजली जाते. माणूस कितीही हुशार असला तरी प्रमाणपत्र नसेल तर या मोजणीत तो धरला जात नाही. अनेक निविदांमध्येही महत्त्वाच्या कर्मचाऱ्यांच्या पात्रतेला गुण असतात. अर्जदाराची कंपनी भागीदार असेल, किंवा गेल्या वर्षी एखाद्या निविदेत ही अट आली असेल, तर त्याचा नेमका उल्लेख हा मेलमधला सगळ्यात वजनदार मुद्दा ठरतो. कंपनी भागीदारही नाही आणि निविदाही भरत नाही, तर हा मुद्दा लिहूच नये. ओढूनताणून आणलेला फायदा खऱ्या फायद्यांवरचाही विश्वास घालवतो.

नापास झाल्यास काय, हेही मेलमध्ये असावे. या परीक्षेत नापास झाल्यावर 14 दिवस थांबावे लागते आणि पुन्हा पूर्ण फी भरावी लागते. ‘पहिल्या प्रयत्नाची फी कंपनीने भरावी, दुसऱ्याची मी भरेन’ या एका वाक्याने कंपनीचा धोका ठरावीक रकमेत बांधला जातो. मराठी माध्यमात शिकलेल्यांना उपयोगी पडेल अशी एक सोय आहे: इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजीतल्या परीक्षेसाठी 30 मिनिटे जादा मिळतात. मात्र ती परीक्षेची तारीख घेण्यापूर्वी मागावी लागतात.

कंपनीच्या मनात आणखी एक भीती असते, ती बोलून दाखवली जात नाही. प्रमाणपत्र मिळाले की माणूस नोकरी सोडून जाईल. म्हणूनच अनेक ठिकाणी बाँड लिहून घेतात. मे 2025 मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवा, नाहीतर दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तो मामला सरकारी बँकेतल्या भरतीचा होता, पण असा करार आपोआप बेकायदा ठरत नाही हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून सही करण्यापूर्वी रक्कम आणि मुदत नीट वाचावी. पंधरा-वीस हजारांच्या खर्चासाठी दोन वर्षांची बांधिलकी जड आहे. त्यापेक्षा अर्जदाराने स्वतःच सुचवावे: एका वर्षात नोकरी सोडली तर उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात फी परत करेन.

हे सगळे एकत्र आले की मेल असा होतो. ऑफिसात तो इंग्रजीत जाईल, क्रम मात्र हाच:

‘विषय: एडब्ल्यूएस परीक्षेसाठी 18,000 रुपये आणि 20 तासांची मंजुरी – 10 तारखेपर्यंत

मॅडम,
`SAA-C03` परीक्षेसाठी फी व सराव मिळून 18,000 रुपये आणि ऑफिसचे 20 तास मंजूर व्हावेत. वेळ धरून एकूण खर्च सुमारे 28,000 रुपये. उरलेले 60 तास मी घरी अभ्यास करेन.

आपल्या क्लाऊड बिलात टेस्टिंग सर्व्हर आणि लहान डिस्क मिळून महिन्याला सुमारे 22,000 वाचू शकतात. हिशेब सोबत जोडला आहे. हे काम मी या महिन्यातच सुरू करते आहे. परीक्षेच्या अभ्यासातून वार्षिक सवलत-करार आणि बिघाडाच्या वेळची पर्यायी व्यवस्था यांचा आराखडा तीन महिन्यांत देईन.

नापास झाल्यास दुसऱ्या प्रयत्नाची फी मी भरेन. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात फी परत करेन. तारीख रिलीजनंतरची घेते आहे, टीमच्या कामात खंड पडणार नाही.’

मागणी पहिल्या वाक्यात आहे, ती शोधावी लागत नाही. ‘ज्ञानात भर’ कुठेही नाही. आणि मॅडमना हा मेल एकही शब्द न बदलता पुढे पाठवता येतो.

वेळेचेही गणित असते. बहुतेक भारतीय कंपन्यांचे बजेट एप्रिल ते मार्च चालते. जानेवारीत मागितले तर पुढच्या वर्षाच्या तरतुदीत नाव लागते, आणि मार्चच्या सुरुवातीला प्रशिक्षणाचे न खर्चलेले पैसे शिल्लक असू शकतात. मंजुरी मिळाली की फी आपल्या कार्डावरून लगेच भरू नये. आधी अकाउंट्सला विचारावे. बिल कंपनीच्या नावावर आणि तिच्या जीएसटी क्रमांकासह आले तर कराची वजावट मागण्याची वाट उघडी राहते. वैयक्तिक नावाने आलेल्या बिलावर ती अडते, आणि कधीकधी परतफेडच लांबते.

नकार आला तर ‘का’ विचारण्यापेक्षा ‘कोणत्या परिस्थितीत मंजूर होईल’ असे विचारावे. बजेट संपले असेल तर पुढची तिमाही ठरवून घेता येते, वेळेची अडचण असेल तर 20 तासांची मागणी सोडता येते. होकार आला तर तीन महिन्यांनी आणखी एक छोटा मेल जायला हवा. त्यात परीक्षेचा निकाल, सर्व्हरच्या बिलाचा आधीचा आणि नंतरचा आकडा, आणि 22,000 च्या अंदाजापैकी प्रत्यक्षात किती वाचले हे असावे, कमी वाचले असतील तर कारणासह. टीममधला पुढचा माणूस असाच अर्ज करेल तेव्हा मॅडम फायनान्सला हाच दुसरा मेल दाखवतील.